संगणकाशिवाय नमुना काढताना: रँडम टेबल, फोन नंबरचे अंक आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जुलैमध्ये वीज कधी येईल ते विचारायचे नसते. मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. अशाच एका गावात आम्ही घरातल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी केली. पाण्यात मैलाचे जंतू असतील तर दोन दिवसांत काळी पडणारी छोटी बाटली असते, तशा बाटल्या आमच्याकडे बारा होत्या. गावात घरे २७३. म्हणजे २७३ मधून बारा घरे निवडायची होती, तीही वही आणि पेनाच्या जोरावर. तेव्हापासून कॉलेजची मुले, बचत गटाच्या ताई, आशा कार्यकर्त्या हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे एकदाची लिहून काढली आहेत. उदाहरण सगळीकडे त्याच गावाचे आहे.

बारा घरे आपणच बघून निवडली तर काय बिघडते?

बघून निवडताना माणूस रस्त्याकडेचे घर धरतो, जिथे चहा मिळतो ते धरतो, कुत्रे नाही ते धरतो. हे मुद्दाम होत नाही. आमच्यातल्या एका मुलाने "मी कुणाला ओळखत नाही, मी डोळे मिटून आकडे सांगतो" म्हणून बारा आकडे सांगितले. त्यात एकाही आकड्याच्या शेवटी शून्य नव्हते, लागोपाठचे दोन आकडे नव्हते आणि चार आकडे सातने संपत होते. माणसाच्या डोक्यातून 'कसाही' आकडा निघत नाही. तो पसरून, शहाण्यासारखा निघतो. नमुन्याला हवे असते ते एवढेच, की प्रत्येक घराला निवडले जाण्याची सारखी संधी मिळावी आणि ती संधी आपल्या मनाच्या हातात नसावी.

मग चिठ्ठ्या टाकू की. भिशीला टाकतोच.

भिशीला वीस चिठ्ठ्या असतात. इथे २७३ कराव्या लागतील, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच घडीच्या, आणि त्या खरोखर ढवळल्या गेल्या पाहिजेत. ढवळणे हेच अवघड. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली होती. वर्षातल्या ३६६ तारखा डब्यांत भरून एका भांड्यात टाकल्या होत्या, पण महिन्यांच्या क्रमाने टाकल्यामुळे आणि नीट न ढवळल्यामुळे वर्षअखेरच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून लवकर निघाल्या. एवढ्या मोठ्या सोडतीत हे झाले, तर आमच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचे काय सांगावे? तीस-चाळीस नावे असतील तर चिठ्ठ्या टाका. त्यापुढे रँडम टेबल, म्हणजे अंकांचा छापील तक्ता बरा.

यादी कोणती घ्यायची? घराचे नंबर आहेतच की.

पंचायतीने दिलेले घर नंबर तसेच वापरू नका. त्यात १४ नंतर १४/अ, १४/ब येते, पडलेल्या घराचा नंबर राहतो, आणि वाटणी झालेल्या भावांची दोन चुली असलेली घरे एकाच नंबरवर असतात. आम्ही घरफाळ्याची वही समोर ठेवली आणि आमच्या वहीत १ पासून २७३ पर्यंत स्वतःचे नवे नंबर टाकले. चूल वेगळी म्हणजे घर वेगळे, असा नियम धरला. वही कन्नडमध्ये होती. हाताने लिहिलेले कन्नड सहा आणि नऊ आमच्या मुलांना एकसारखे दिसत होते, त्यामुळे पंचायतीतल्या कारकुनाला शेजारी बसवून वाचून घेतले. यादीत जे घर नाही ते कितीही चांगल्या सोडतीत निघणार नाही. गावाच्या टोकाला ऊसतोडीहून परतलेल्यांची चार खोपटी वहीत नव्हती. ती आम्ही फिरून बघितली म्हणून यादीत आली. सोडतीपेक्षा जास्त वेळ यादीलाच लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

रँडम टेबल म्हणजे नेमके काय? ते कुणी केले?

० ते ९ हे अंक कुठल्याही क्रमाशिवाय लिहिलेला तक्ता. कुठल्याही जागी कुठलाही अंक येण्याची शक्यता दहात एक, आणि मागचा अंक बघून पुढचा ओळखता येत नाही. वाचायला सोपे जावे म्हणून पाच-पाच अंकांचे गट पाडलेले असतात. त्या गटाला दुसरा काही अर्थ नाही. संख्याशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या शेवटी असे एखादे पान असते.

पहिला मोठा तक्ता १९२७ मध्ये टिपेट यांनी काढला, तो जनगणनेच्या अहवालांतले अंक उचलून. १९३८ मध्ये फिशर आणि येट्स यांनी लॉगॅरिदमच्या वीस स्थळांच्या कोष्टकातले शेवटच्या बाजूचे अंक घेतले, तर त्यात सहा हा अंक जरा जास्तच आला, म्हणून त्यांना दुरुस्ती करावी लागली. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रँड या संस्थेने विजेच्या स्पंदनांवरून केलेले दहा लाख अंक छापले. त्यांच्याही यंत्राच्या अंकांत थोडा कल दिसला, तेव्हा त्यांनी अंक एकमेकांत मिळवून फक्त एकक ठेवला. ही युक्ती लक्षात ठेवा, फोन नंबरच्या वेळी ती आपल्याच कामाला येणार आहे.

आपल्या भागात हा तक्ता शेतात पोचला तो पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे शेतातला एक चौकोन कापून उत्पन्नाचा अंदाज काढण्याच्या कामातून. ती पद्धत देशभर बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. तलाठ्याने भाताच्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहून कागद बघत पावले मोजलेली जुन्या लोकांनी पाहिली असतील. त्या कागदावर असेच अंक असायचे. चांगले पीक बघून चौकोन आखू नये, यासाठी ते.

तक्त्यात सुरुवात कुठून करायची?

दरवेळी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून करू नका. दोन गावांना एकच ओळ वापरली तर दोन्हीकडे तेच आकडे निघतात. डोळे मिटून पेन्सिल टेकवली तर ती नेमकी पानाच्या मध्याजवळ पडते. आम्ही रँडच्या तक्त्यातल्या पहिल्या तीन ओळी वहीत उतरवून नेल्या होत्या:

```
१००९७ ३२५३३ ७६५२० १३५८६ ३४६७३ ५४८७६ ८०९५९ ०९११७ ३९२९२ ७४९४५
३७५४२ ०४८०५ ६४८९४ ७४२९६ २४८०५ २४०३७ २०६३६ १०४०२ ००८२२ ९१६६५
०८४२२ ६८९५३ १९६४५ ०९३०३ २३२०९ ०२५६० १५९५३ ३४७६४ ३५०८० ३३६०६
```

ओळ ठरवायला लुडोचा फासा टाकला: १-२ पडले तर पहिली ओळ, ३-४ ला दुसरी, ५-६ ला तिसरी. चार पडले. म्हणून दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीपासून, डावीकडून उजवीकडे, आणि ओळ संपली की खालच्या ओळीवर. हे सगळे अंक वाचण्याआधी ठरले पाहिजे आणि वहीत लिहिले गेले पाहिजे. अंक बघितल्यावर "इथून नको, तिथून घेऊया" म्हटले की सोडत संपली, तुमची निवड सुरू झाली.

आता प्रत्यक्ष काढून दाखवा.

२७३ हा तीन अंकी आकडा आहे, म्हणून तीन-तीन अंक वाचायचे. पाचाच्या गटामधली मोकळी जागा विसरायची. दुसरी ओळ अशी वाचली जाते:

```
३७५ ४२० ४८० ५६४ ८९४ ७४२ ९६२ ४८० ५२४ ०३७ २०६ ३६१ ०४० २०० ८२२ ९१६ ६५..
```

साधा नियम असा, की ००१ ते २७३ मधला आकडा आला तर घ्यायचा, नाहीतर सोडायचा. तसे केले तर या अख्ख्या ओळीतून ३७, २०६, ४० आणि २०० एवढी चारच घरे निघतात. जवळजवळ तीन चतुर्थांश आकडे वाया जातात. चूक काही नाही, फक्त वेळ जातो.

म्हणून आम्ही प्रत्येक घराला तीन आकडे दिले. ००१ ते २७३ म्हणजे तेच घर. ३०१ ते ५७३ आले तर ३०० वजा करायचे. ६०१ ते ८७३ आले तर ६०० वजा करायचे. बाकी सगळे, म्हणजे ०००, २७४ ते ३००, ५७४ ते ६०० आणि ८७४ ते ९९९, सोडून द्यायचे. पाच नंबरच्या घराचे आकडे ५, ३०५ आणि ६०५. दोनशे नंबरच्या घराचे २००, ५०० आणि ८००. सगळ्यांना तीन-तीनच. हजारातले ८१९ आकडे कामाला येतात. ३०० आणि ६०० घ्यायचे कारण एवढेच, की ते तोंडी वजा होतात.

आता चला. ३७५ म्हणजे घर ७५. ४२० म्हणजे १२०. ४८० म्हणजे १८०. ५६४ म्हणजे २६४. ८९४ सोडा. ७४२ म्हणजे १४२. ९६२ सोडा. ४८० पुन्हा आला, १८० आधीच घेतले आहे, सोडा. ५२४ म्हणजे २२४. ०३७ म्हणजे ३७. २०६ तसेच. ३६१ म्हणजे ६१. ०४० म्हणजे ४०. २०० तसेच. ८२२ म्हणजे २२२. बारा झाली.

एक जण मोठ्याने अंक वाचत होता, दुसरी लिहीत होती, तिसरा वजाबाकी तपासत होता. पंचायतीच्या ओसरीवर बसलेल्या एका आजोबांनी विचारलेच, "काय करुलालाय हे? मटक्याचा आकडा काय?" हसण्यावारी नेले, पण सोडत चार माणसांसमोर झाली याचा पुढे उपयोग झाला. "आमच्याच घरी का आलासा?" असे विचारणाऱ्याला वही दाखवता आली.

तीन आकडे वाटण्यापेक्षा २७३ ने भागून बाकी घेतली तर? शाळेत तसेच शिकवले होते.

इथे बरेच जण फसतात, आणि फसलेले कळतही नाही. ००० ते ९९९ मधला कुठलाही आकडा घेऊन २७३ ने भागले आणि बाकी हाच घर नंबर धरला, तर बाकी ५ येणारे आकडे चार आहेत: ५, २७८, ५५१, ८२४. बाकी २०० येणारे तीनच: २००, ४७३, ७४६. पुढचा १०१९ येतो, तो तीन अंकांत बसत नाही. म्हणजे यादीतल्या १८० पर्यंतच्या घरांना चार संधी, आणि १८१ ते २७२ ला तीन. (बाकी शून्य म्हणजे घर २७३, त्यालाही चार.) आमच्या यादीत शेवटची एकतीस घरे धनगरवाड्यातली होती, त्यांतल्या तीस घरांची संधी या हिशेबाने कमी झाली असती. बाकी काढायचीच असेल तर ८१८ च्या पुढचे आकडे आधी टाकून द्या, मग सगळ्यांना तीन-तीन संधी उरतात. शेवटचा अपुरा तुकडा टाकून देणे, एवढीच त्यातली गोम आहे.

एकच आकडा दोनदा आला. तक्ता चुकला का?

नाही. २७३ मधून बारा वेळा उचलताना कुठला तरी आकडा पुन्हा येण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे. पुन्हा आला की सोडायचा आणि पुढे जायचे.

याच प्रश्नाचे दुसरे रूप असे: २००, २०६, २२२ आणि २२४ ही चार घरे गावाच्या एकाच अंगाला आली, ३७ आणि ४० तर एकाच गल्लीत, आणि ७६ ते ११९ मध्ये कुणीच नाही. आमच्या गटातल्या एका मुलीने सुचवले, की २२४ च्या ऐवजी ९५ घेऊया, म्हणजे नमुना 'सारखा पसरेल'. मोह मलाही झाला होता. पण एकदा हात लावला की कुठे थांबायचे ते कोण ठरवणार? खऱ्या सोडतीत असे पुंजके पडतातच. पसरलेला नमुना हवा असेल तर तो नियम सोडतीच्या आधी करायचा असतो, आणि तो पुढच्या प्रश्नात आहे.

धनगरवाड्यातले एकही घर आले नाही तर?

ही शक्यता खरीच आहे. २७३ पैकी ३१ घरे तिथली. बारा घरे सरसकट काढली तर तिथले एकही न येण्याची शक्यता चारात एक म्हणण्याइतकी जवळ जाते. आमच्या सोडतीत फक्त २६४ आले. धनगरवाड्याला पाणी वेगळ्या झऱ्याचे होते, त्यामुळे ते हुकले असते तर पंचाईत झाली असती. आम्ही हे आधी लक्षात घ्यायला हवे होते, घेतले नाही.

बरोबर रीत अशी, की यादीचे दोन भाग करायचे आणि सोडत दोनदा काढायची. समजा धनगरवाड्याच्या ३१ मधून दोन आणि उरलेल्या २४२ मधून दहा. ३१ साठी दोन-दोन अंक वाचा आणि ३० किंवा ६० वजा करू नका, कारण मग ३१ हा एकच आकडा दोन घरांना लागू पडेल. ३१-३१ चे तीन गट ९३ पर्यंत बसतात. ०१ ते ३१ तसेच, ३२ ते ६२ मधून ३१ वजा, ६३ ते ९३ मधून ६२ वजा, बाकी सोडा. पण मग हिशेब करताना लक्षात ठेवा, की धनगरवाड्याचे एक घर साडेपंधरा घरांच्या वतीने बोलते आणि खालच्या गावातले एक घर चोवीस घरांच्या वतीने. बाराच्या बारा बाटल्या एका ढिगात मोजून टक्केवारी काढली तर ती गावाची टक्केवारी होत नाही.

तक्ता घरीच राहिला. फोन नंबरचे अंक चालतील?

चालतील, पण कुठले अंक आणि कसे, हे नीट बघावे लागते.

आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा अंकी, आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पहिले चार-पाच अंक मुळात कंपनी आणि सर्कलप्रमाणे वाटलेले. आमच्या सीमाभागात कर्नाटकाचे सिम आणि महाराष्ट्राचे सिम शेजारी-शेजारी नांदतात. निपाणीकडे तर एका घरात दोन्ही. म्हणजे पुढचे अंक त्या माणसाने सिम कुठे घेतले ते सांगतात, ते रँडम नव्हेत. जुनी टेलिफोन डिरेक्टरी सापडली तरी तेच. बेळगावचा ०८३१ कोड आणि त्यापुढचे एक्स्चेंजचे अंक पानभर सारखेच दिसतात. म्हणून फक्त शेवटचे तीन अंक घ्यायचे.

त्यातही खोडी आहे. लोक ७८६ शोधून घेतात, ७७७ घेतात, शेवटी तीन शून्ये असलेला नंबर पैसे मोजून घेतात. घरातल्या दोघांनी एकाच दिवशी सिम घेतले तर नंबर लागोपाठ असू शकतात. म्हणून स्वतःच्या मोबाईलमधले, ओळखीचे नंबर वापरू नका. त्यात नात्यातलेच जास्त असतात आणि कुठला नंबर घ्यायचा हे पुन्हा तुमच्या मनावर येते. दुसऱ्या गावाच्या दूध डेअरीची सभासद वही, लग्नातली आहेराची वही, असे काही तरी घ्या, ज्याचा तुमच्या यादीशी संबंध नाही. कुठले पान, वरून कितव्या नंबरपासून, हे आधी ठरवा. मग सगळे नंबर ओळीने घ्या, एकही आवडीने गाळू नका. वहीतून फक्त शेवटचे तीन अंक उतरवा. पूर्ण नंबर आपल्या कागदावर येण्याचे काही कारण नाही.

आता ती रँडवाल्यांची युक्ती. एका नंबरचे तीन अंक आणि दहा पाने पुढच्या नंबरचे तीन अंक घ्या आणि अंकाखाली अंक ठेवून मिळवा. हातचा धरायचा नाही, फक्त एकक ठेवायचा. समजा एकाचे शेवटचे अंक ४१८ आणि दुसऱ्याचे ०९३. चार आणि शून्य चार. एक आणि नऊ दहा, शून्य ठेवा. आठ आणि तीन अकरा, एक ठेवा. आले ४०१, म्हणजे घर १०१. एका वहीत शून्ये जास्त असली तरी मिळवल्यावर तो कल बराचसा विरतो. मात्र दोन्ही नंबर एकमेकांपासून लांबचे हवेत. लागोपाठचे, म्हणजे नवरा-बायकोचे, मिळवले तर एककाच्या जागी नेहमी विषम अंकच येईल, कारण लागोपाठच्या दोन अंकांची बेरीज विषम असते.

ते अंक ठीक आहेत की नाही, कसे ओळखायचे?

शंभर नंबरांचा शेवटचा अंक घ्या आणि कुठला अंक किती वेळा आला त्याच्या काड्या मांडा. प्रत्येक अंक दहाच्या आसपास यावा. समजा ० ते ९ चे मोजमाप असे आले: १४, ८, ९, ७, ६, ११, ९, १५, ९, १२. प्रत्येकातून दहा वजा करून वर्ग करा: १६, ४, १, ९, १६, १, १, २५, १, ४. बेरीज ७८. तिला दहाने भागले की ७.८. हा आकडा १६.९ च्या खाली असेल तर काळजी नको. सात पंधरा वेळा आला म्हणून घाबरायचे नाही, एवढे वरखाली चालते. १६.९ च्या वर गेला तर वही बदला किंवा मिळवण्याची युक्ती वापरा.

ही परीक्षा फक्त अंक कमी-जास्त आहेत का ते सांगते. १२३४५६७८९० असे शंभर अंक लिहिले तर तेही शून्य गुणांनी पास होतील. म्हणून क्रम डोळ्यांनीही बघा: वही नंबरांच्या चढत्या क्रमाने लावलेली तर नाही ना?

त्यापेक्षा ज्यांच्या फोनचा शेवटचा अंक ७ आहे त्यांनाच घेतले तर? दहा टक्के नमुना आपोआप.

ही वेगळीच गोष्ट झाली, आणि दोन्हींची गल्लत फार होते. वर आपण फोनचे अंक फाशासारखे वापरले. निवड घरांच्या यादीतून झाली, फोन कुणाचा याच्याशी देणेघेणे नव्हते. इथे मात्र फोन हीच यादी झाली. ज्या म्हातारीकडे फोन नाही तिची संधी शून्य, ज्या घरात चार मोबाईल त्याची संधी साधारण साडेतीनपट. सात या अंकाची आवड असणारे आणखी वर. फोनवरूनच माहिती विचारायची असेल आणि फोनधारकांपुरतेच बोलायचे असेल तर एक वेळ चालेल, पण गावाच्या पाण्याबद्दल बोलायला हा नमुना कामाचा नाही.

गाडीचे नंबर, नोटांचे नंबर?

केए २२ च्या पुढचा नंबर लोक बेरीज नऊ यावी म्हणून मागून घेतात, तो सोडा. नोटा चालतात, पण कोऱ्या बंडलातल्या नव्हे, कारण त्या लागोपाठ असतात. वेगवेगळ्या खिशांतल्या मळक्या नोटांचे शेवटचे अंक घ्या. मला स्वतःला एक-दोन आकडेच हवे असतील तेव्हा नोट बरी वाटते.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घ्यायचे का?

नाही. सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात. आमच्या बारापैकी १४२ ला कुलूप होते. मंडळी गोव्याला कामाला. शेजारीण म्हणाली, "आमचे घ्या की, पाणी एकच आहे." पाणी एकच असेलही, पण दिवसभर घरी असणाऱ्यांचीच घरे अशी आत येत राहतात, आणि ज्यांच्या घरात पाणी चार दिवस साठून राहते ती घरे बाहेर पडतात.

सोडतीच्या वेळीच राखीव घरे काढून ठेवा, आले त्याच क्रमाने. आमच्या ओळीत पुढे ९१६ सुटले. मग उरलेले ६५ आणि खालच्या ओळीचा पहिला ० मिळून ६५०, म्हणजे घर ५०. पुढे ८४२, म्हणजे २४२. मग २६८. अशी तीन राखीव. १४२ कडे आम्ही संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जाऊन आलो, तेव्हा कुठे ५० घेतले. राखीव घर घेतल्याने बंद घरांची उणीव भरून निघत नाही, फक्त बाटली रिकामी राहत नाही. म्हणून अहवालात 'बारापैकी एक घर बंद, बदली घेतले' हे लिहिलेच पाहिजे.

तक्ता नकोच, प्रत्येक बाविसावे घर घेतले तर?

चालते, आणि फिरून काम करताना सोपेही जाते. पण दोन गोष्टी. पहिले घर सोडतीने ठरवा, पंचायतीपासून सुरू करू नका. आणि १ ते २२ मधून सुरुवात करून बारा उड्या मारून थांबलात तर २६४ च्या पुढची नऊ घरे कधीच निघणार नाहीत. त्यासाठी सुरुवात १ ते २७३ मधून कुठूनही काढा, २२-२२ ने पुढे जा, आणि यादी संपली की पहिल्या घरावर परत या. यादीत ठरावीक अंतराने कोपऱ्याची किंवा विहिरीजवळची घरे येत असतील तर ही रीत टाळा.

बारा घरांवरून गावाबद्दल काय सांगता येते?

थोडेच. समजा बारापैकी तीन बाटल्या काळ्या पडल्या. म्हणजे पंचवीस टक्के, पण गावातला खरा आकडा साधारण ५ ते ५७ टक्क्यांत कुठेही असू शकतो. 'गावात पाणी दूषित होते आहे, आणखी बघायला हवे' एवढे म्हणता येते. 'चौथा हिस्सा घरे दूषित' असे फलकावर लिहू नका. सोडत कितीही चोख असली तरी नमुना लहान असल्याचे भरून निघत नाही.

सोडतीच्या कागदावर काय काय लिहायचे?

तारीख, यादी कशावरून केली आणि त्यात किती घरे, कुठल्या तक्त्याची कुठली ओळ किंवा कुठल्या वहीचे कुठले पान, सुरुवात कशी ठरली, किती अंक एकदम वाचले, वजाबाकीचा नियम, आणि मग वाचलेला प्रत्येक आकडा, सोडलेलासुद्धा. ८९४ आणि ९६२ आमच्या वहीत काट मारलेले दिसतात, खोडलेले नाहीत. त्या कागदावरून तिसऱ्या माणसाने सोडत काढली तर तीच बारा घरे निघायला हवीत. आम्ही महिन्याने एका नव्या मुलीला ते पान दिले. तिला २६४ च्या जागी २४६ आले. तपासले तर आमच्या उतरवलेल्या यादीत बरोबर होते, तिने ५६४ चे ५४६ वाचले होते. तेव्हापासून आम्ही अंक दोघांकडून मोठ्याने वाचून घेतो.